डावीकडची कोरी जागा

दुकानात तिला सगळे फुटपट्टी म्हणत. नाव मालकांनी ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल होतं की तिला रागवायलाही जागा उरली नाही. कुणाच्या घरी गेली की पाणी प्यायच्या आधी ती भिंतीवरची तसबीर सरळ करणार. बँकेत रांगेत उभी राहिली की समोरच्या सूचनेचा कागद एका बाजूला जास्त चिकटलाय, हे हिला आधी दिसणार आणि मग आपला नंबर आलाय हे कळणार. भावाने एकदा चिडून विचारलं होतं, "तुला माणसं दिसतात का गं, की नुसते त्यांचे समास दिसतात?" प्रश्न बरोबर होता, पण त्याचं उत्तर तिला पुढे वेगळ्याच रीतीने द्यावं लागलं.

दुकान छपाईचं. लोक फोनमधले फोटो, मुलांच्या चित्रकलेचे कागद, जुनी प्रमाणपत्रं घेऊन येत आणि म्हणत, "याची छान पीडीएफ करून द्या, प्रिंट काढायचीय." छान म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नसे. फुटपट्टीला ठाऊक होतं. ए-फोर पानाला चारही बाजूंनी पंधरा मिलिमीटर समास. उरलेल्या जागेच्या बरोबर मधोमध चित्र. आणि चित्र छापल्यावर इंचाला तीनशे ठिपके भरले पाहिजेत. त्याहून फार कमी भरले तर कडा फुटतात, मग चित्र पडद्यावर कितीही गोड दिसो. "पडद्यावर काय, सगळेच सुंदर दिसतात," असं ती म्हणायची, आणि गिऱ्हाईक हसावं की नाही या पेचात पडायचं.

हे मधोमधचं वेड तिला बाबांकडून आलं होतं. बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शिकवण्यांच्या. पाटीवर आधी खडूच्या दोरीने मधली रेघ मारायची, मग अक्षरं मोजायची, मग दोन्हीकडे सारखी जागा सोडायची. लहानपणी ही शिडी धरून उभी असे आणि वरून बाबा ओरडत, "लांब जाऊन बघ गं, कुठे झुकलीय का?" ही लांब जायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, "उजवीकडे झुकलीय." आणि ती झुकलेली असायची. पुढे छापील फलक आले आणि बाबांचं काम आटलं. मुलगी त्याच छपाईच्या धंद्यात गेली, तर बाबा एवढंच म्हणाले, "जा. निदान सरळ छाप."

गेल्या वर्षी बाबांना झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला. डावा हात आणि डावा पाय गेल्यासारखा झाला, मग हळूहळू परत आला. बोलणं शाबूत होतं, चिडणं तर त्याहून शाबूत. चालायला लागले तसं त्यांच्या डोक्यात एकच खूळ बसलं. समोरच्या रस्त्यापलीकडे घड्याळवाल्याचं दुकान होतं. घड्याळवाला त्यांचा जुना दोस्त, आणि त्याच्या दुकानावरची पाटी बाबांनी स्वतः रंगवलेली, गावातली उरलेली शेवटची. तिथे जाऊन बसायचं. एकट्याने.

"कुणी सोबत आलं तर काय बिघडतं?" ती विचारायची.

"मी काय पार्सल आहे? पोचवायला माणूस लागायला?"

इस्पितळातल्या थेरपिस्ट बाई मात्र परवानगी देत नव्हत्या. त्यांनी भावाला आणि हिला समोर बसवून नीट सांगितलं होतं. डोळे ठणठणीत आहेत, पण मेंदू डाव्या बाजूची दखल घ्यायला विसरतो. डावीकडे काही आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही. माणूस आंधळा नसतो, आणि म्हणून त्याला आपलं काही चुकतंय असं वाटतही नाही. अशा माणसाला रस्ता ओलांडू देणं धोक्याचं. मात्र सुधारणा होते. म्हणून घरचा अभ्यास दिला: रोज एक कोरा कागद, त्यावर मनाला येईल ते चित्र. काही आठवड्यांनी तपासण्यांसोबत ती चित्रंही डॉक्टरांच्या बैठकीत ठेवायची आणि मग ठरवायचं.

बाबा चित्रं काढू लागले. किटली, खुर्ची, शिडी, मांजर, रंगाचा डबा. हात कापायचा, पण रेघ अजून त्यांचीच होती.

बैठक जवळ आली तशी थेरपिस्ट बाईंचा निरोप आला. चित्रांची एकच पीडीएफ पाठवा, मी छापून फाइलला लावते. भावाने घाईघाईत फोनवर फोटो काढले आणि हिला धाडले. ते बघून फुटपट्टीच्या कपाळाला आठी पडली. कागद तिरपे, एका कोपऱ्यात भावाचा अंगठा, आणि निरोपांच्या अ‍ॅपमधून येताना फोटो दाबून इतके बारीक झालेले की समासाच्या आतली जागा भरायला गेलं तर इंचाला दीडशे ठिपकेही पडेनात.

"दादा, हे काय पाठवलंस?"

"चित्रं."

"ही चित्रं नाहीत, चित्रांची कटकट आहे. मूळ कागद दे मला."

तिने कागदांची चळत दुकानात आणली आणि दुपारी गिऱ्हाईक कमी असताना एकेक कागद स्कॅनरवर मांडला. पडद्यावर पहिला कागद उमटला. किटली उजव्या कडेला चिकटून उभी होती, आणि उरलेला कागद रिकामा. दुसरा कागद तसाच. मांजरही उजवीकडे, जणू कुणी हाकलल्यासारखं.

या घडीला ती थांबली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण ती थांबली नाही. तिला फक्त एवढंच दिसलं की बाबांची चित्रं वाकडी पडलीत, आणि ती आता अनोळखी डॉक्टरांपुढे जाणार. ज्या माणसाने जन्मभर खडूची मधली रेघ मारल्याशिवाय ब्रश उचलला नाही, त्याचं काम असं कडेला लोंबकळताना कुणी बघावं, हे तिला सहन होईना. शिवाय, खरं सांगायचं तर, तिला ते स्वतःलाच बघायचं नव्हतं. हात सवयीने चालला. भोवतीची कोरी जागा कापायची, चित्र सरळ करायचं, समासात बसेल एवढं मोठं करायचं, मधोमध ठेवायचं. मोठं केलं की ठिपके विरळ होतात हे तिला पाठ होतं, म्हणून स्कॅन तिने आधीच इंचाला सहाशेने केलं होतं. दुप्पट वाढवूनही तीनशे शिल्लक. कामात खोट काढायला कुणाला जागा नव्हती.

मालक मागून डोकावले. "वा, फुटपट्टी! बाबा एकदम ठणठणीत झाले की."

"झाले ना," ती म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटलं. पानावर किटली अगदी मधोमध उभी होती. चारी बाजूंनी सारखा पांढरा कागद. बघणाऱ्याला वाटावं, माणसाने काढलंच तिथे.

बैठक झाली. थेरपिस्ट बाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज खुशीत होता. इस्पितळातल्या तपासण्यांचे निकाल अगदी काठावरचे होते, हो म्हणावं की नाही कळत नव्हतं. पण घरच्या चित्रांनी फरक पडला. "पूर्ण पान वापरतायत आता. मधोमध काढतायत. कोपऱ्यापर्यंत, समोरच्या दुकानापर्यंत एकटे जाऊ देत. दिवसा, सावकाश."

घरात आनंदाला उधाण आलं. बाबांनी चपला पुसून दाराशी ठेवल्या, उद्या दुपारी जेवण झालं की निघायचं म्हणून. घड्याळवाल्याला फोन करून बजावलं, "खुर्ची पुसून ठेव." भाऊ हसला. फुटपट्टीही हसली, पण त्या संध्याकाळपासून तिला कुठे टेकवेना. उठायची, पाणी प्यायची, खिडकीशी जायची, परत यायची. कशाची हुरहुर आहे ते सापडत नव्हतं. जेवताना बाबांच्या ताटाकडे तिचं लक्ष गेलं. उजवीकडची भाजी संपली होती, डावीकडचा भात तसाच.

"भात नको का बाबा?"

"आहे कुठे भात?" ते म्हणाले. मग ताट फिरवून तिने समोर केलं तसे ते खाऊ लागले. "अगं, सांगायचं ना मग."

भाऊ म्हणाला, "त्यांचं लक्ष नव्हतं. उद्याच्या विचारात आहेत." तिने मान डोलावली आणि ते पटवून घेतलं. माणसाला जे हवं असतं ते पटायला किती वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशी दुकानात तिच्या हातून कामं सुटत होती. एकाची पीडीएफ दुसऱ्याला पाठवली. समास पंधराच्या जागी पन्नास टाकला आणि पानाच्या मध्ये पासपोर्ट फोटोएवढं प्रमाणपत्र छापून बाहेर आलं. मालक म्हणाले, "आज भूत शिरलंय का तुझ्यात?" जेवणाची वेळ झाली तसं तिला वाटलं, बाबांचे मूळ कागद परत न्यायचेत, निदान ते तरी नीट लावून ठेवू. तिने चळत उचलली, टेबलावर ठोकून कडा जुळवल्या आणि कोपरे जुळले का बघायला वरचे चार-पाच कागद खिडकीच्या उजेडात धरले.

उजेड कागदांतून आरपार आला. चित्रं एकावर एक दिसू लागली. किटलीवर खुर्ची, खुर्चीवर शिडी, शिडीवर मांजर, उजव्या अर्ध्यात नुसता काळा गुंता. आणि डावा अर्धा स्वच्छ होता. तिने उरलेले भराभर चाळले. इतक्या दिवसांचे इतके कागद, आणि डावीकडे एक ठिपका नव्हता.

बाबांनी चित्रं उजवीकडे काढली ही चूक नव्हती. तेच तर उत्तर होतं. डॉक्टरांना किटली बघायची नव्हती, किटलीच्या डावीकडची कोरी जागा बघायची होती. आणि तीच हिने एकही चित्र न वगळता कापून टाकली होती.

तिने घरी फोन लावला. "दादा, बाबा कुठेत?"

"आत्ताच उतरले. मी गॅलरीतून बघतोय. काय ऐटीत—"

"थांबव त्यांना! हाक मार, जा खाली!"

"का? काय झालं?"

सांगायला वेळ नव्हता. ती कागद टाकून धावत सुटली. मालक काहीतरी ओरडले ते तिला ऐकू आलं नाही. घर दोन गल्ल्या पलीकडे, पण त्या दिवशी वाटेत जगातली सगळी माणसं पिशव्या घेऊन उभी होती. कुणाला धक्का लागला, कुणी शिवी घातली. तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती. त्यांच्या घरापुढच्या पदपथावर उभं राहिलं की जवळच्या बाजूची वाहनं उजवीकडून येतात, ती त्यांना दिसतील. रस्ता अर्धा ओलांडला की मग डावीकडून येतात. शिवाय उलट्या बाजूने घुसणारे टेम्पोवाले, ते तर कायमच डावीकडून.

कोपरा वळली तर बाबा पदपथाच्या कडेला उभे. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. त्यांनी उजवीकडे नीट बघितलं. रस्ता मोकळा होता. डावीकडे बघायला मान वळलीच नाही, आणि त्या डावीकडूनच पाण्याच्या बाटल्या लादलेला टेम्पो उलट्या बाजूने, पदपथाला घासून येत होता.

"बाबा!"

ती त्यांच्या डाव्या बाजूला होती, हाक स्पष्ट पोचली. बाबा थबकले. पाऊल मागे घेतलं आणि हाक मारणाऱ्याला शोधायला वळले. पण उजवीकडे वळले. उजवीकडे बघितलं, मग आणखी उजवीकडे, मग मागे घराकडे, असे पाय हलवत हलवत गोल फिरू लागले, सगळं जग शोधत, फक्त ती जिथे होती ती बाजू सोडून. ते पाठमोरे झाले तेवढ्यात टेम्पो त्यांच्या शर्टाला वारा लावून निघून गेला.

तिने जाऊन त्यांचा डावा हात दोन्ही हातांनी धरला. तेव्हा कुठे ते तिच्याकडे वळले.

"अरेच्चा, तू इथे?" मग गेलेल्या टेम्पोकडे बघून, खऱ्या आश्चर्याने, "आणि तो कुठून आला?"

तिला रडू फुटलं. भर रस्त्यात, मोठ्याने. भाऊ जिना उतरून धापा टाकत आला आणि दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. पलीकडे घड्याळवाला दुकानाच्या पायरीवर येऊन उभा होता, पुसलेल्या खुर्चीवर हात ठेवून.

त्या दुपारी थेरपिस्ट बाईंना तिने सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता. बाई म्हणाल्या, "मूळ कागद मीच मागायला हवे होते. छापलेल्या कागदावर माणसाचा विश्वास बसतो. मला सगळं पाठवा, कापल्याशिवाय."

मग तिने काम परत केलं. या वेळी ए-फोर पान चालणार नव्हतं. बाबांचा कागदच ए-फोर होता, आणि त्याला समासात बसवायचं तर तो लहान करावा लागला असता. म्हणून दुप्पट मोठं ए-थ्री पान घेतलं. स्कॅनरवर कागदामागे काळा पुठ्ठा ठेवला, म्हणजे पांढऱ्या कागदाची कड पांढऱ्यात हरवू नये. कागद टोकापासून टोकापर्यंत, इंचाला तीनशे ठिपके, वाढवणं नाही, घटवणं नाही. मोठ्या पानावर तो मधोमध ठेवला आणि कडेने बारीक रेघेची चौकट मारली. आता मधोमध कागद होता, चित्र नव्हे. छापताना कागदाप्रमाणे माप बदलणारं 'फिट टू पेज' बंद करून खऱ्या मापाचं 'अ‍ॅक्चुअल साइज' केलं, आणि पहिली प्रत बाहेर येताच तिच्यावर मूळ कागद ठेवून कडा जुळवल्या. इस्पितळात लहान कागदावर छापलं तर सगळंच लहान होईल, पण चौकटही सोबत लहान होईल, जागा हलणार नाही. कधी नव्हे ते बघायला कुरूप असं काम तिने केलं. पानामागून पान, उजवीकडे चित्र आणि डावीकडे पांढरं वाळवंट.

परवानगी अर्थातच गेली. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते हे: "आधी मला चांगला दाखवलंस, मग वाईट. एक काय ते ठरव."

"आता तुम्ही जसे आहात तसं दाखवलं," ती म्हणाली. "आधी मी मला हवं तसं दाखवलं होतं."

"मला कुठे काय झालंय?"

तिने मूळ कागदांतले चार-पाच आणले आणि एकावर एक खिडकीत धरले. बाबा गुंत्याकडे बघत राहिले. "छान आहे की," म्हणाले. मग तिने ते कागद हळूहळू उजवीकडे सरकवले, डावा कोरा अर्धा त्यांच्या उजव्या बाजूला येईपर्यंत. पाटीवाल्याची नजर होती ती. एवढी जागा कुणी अशी मोकळी सोडत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"झुकलीय," ते अखेर पुटपुटले.

थेरपिस्ट बाईंनी नवा अभ्यास दिला. प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी. आधी बोट ठेवून पट्टी शोधायची, पट्टी सापडेपर्यंत डावीकडे जात राहायचं, मगच पेन्सिल उचलायची. फुटपट्टीने त्या कोऱ्या पानांची पीडीएफ केली. यंत्र कागदाच्या अगदी कडेला छापू शकत नाही, म्हणून पट्टी दहा मिलिमीटर आत घेतली. मालकांनी एक पान उचलून उलटसुलट बघितलं. "एकाच बाजूला पट्टी? आणि उजवीकडे काहीच नाही? फुटपट्टी, तुला बरं आहे ना?"

"आहे," ती म्हणाली, आणि पट्टी बरोबर कडेला यावी म्हणून गठ्ठ्याची डावी कोरी कड कापून घेतली.

बाबांना ते जड गेलं. बोट कागदाच्या मध्यावर येऊन थांबायचं, तिथेच कड आहे असं त्यांना वाटायचं. ते चिडायचे, पेन्सिल फेकायचे. ती उचलून द्यायची. शेजारी बसायची, उठायची, फेऱ्या मारायची, पण "अजून डावीकडे" एवढ्यापलीकडे काही बोलायची नाही. कित्येक पानं वाया गेली. एकदा पट्टीला बोट लागलं तेव्हा ते असे दचकले, जणू कुणी अंधारात हात धरला.

मग एका सकाळी ती दुकानात निघताना त्यांनी कागद पुढे केला. उजवीकडे रस्ता, पलीकडे घड्याळवाल्याचं दुकान, पाटीसकट. पाटीवरची अक्षरंही सारख्या जागा सोडून. रस्त्याच्या अलीकडे एक माणूस पाठमोरा, भांग पाडलेला. मग बरीच मोकळी जागा. आणि अगदी डावीकडे, लाल पट्टीला टेकून, थरथरत्या रेघांची एक बाई, दोन्ही हात पुढे केलेली.

"त्या दिवशी तू इथे होतीस ना?" बाबांनी विचारलं. त्यांचं बोट अजून पट्टीवर होतं.

"इथेच होते बाबा," ती म्हणाली.

दुकानात तिने तो कागद स्कॅनरवर ठेवला, मागे काळा पुठ्ठा लावला. पडद्यावर चित्र आलं तेव्हा मालक बघत होते. म्हणाले, "मधली एवढी जागा उगीच रिकामी गेलीय. जरा जवळ आणतेस का दोघांना?"

"नाही," ती म्हणाली. "ते अंतर त्यांनी कापलंय." आणि अख्खा कागद, कडांसकट, तिने थेरपिस्ट बाईंना तसाच पाठवून दिला.